पुण्याहून बेंगळुरूला जाताना लायसन्स आणि गाडीचा पत्ता कसा बदलायचा?

"माझी बदली पुण्याहून बेंगळुरूला झाली आहे, बहुधा तीन-चार वर्षांसाठी. लायसन्स पुण्याचं आहे, कारही एमएच १२ आहे आणि तिचं कर्ज अजून चालू आहे. दोन्हींवरचा पत्ता बदलायचा आहे. सुरुवात कुठून करू, आणि गाडीचा नंबरही बदलावा लागेल का?"

हो, तीन-चार वर्षं राहणार असाल तर नंबर बदलावा लागेल. पण लायसन्स आणि आरसी ही दोन वेगळी कामं आहेत. लायसन्सचं काम सोपं आहे आणि ते बेंगळुरूला पोहोचल्यावर करायचं. आरसीचं काम मात्र पुणं सोडण्याआधीच सुरू करा. मी हाच प्रवास केला आहे, त्यामुळे क्रमाबद्दल आग्रहाने सांगतो.

आधी लायसन्सचं सांगतो. ते देशभर चालतं, त्यामुळे जुना पत्ता आहे म्हणून गाडी चालवायला अडचण नाही. नव्या घराचा पत्ता आधी आधारवर चढवून घ्या. बेंगळुरूत भाडेकरार बहुतेक अकरा महिन्यांचे आणि नोंदणी न केलेले असतात, आणि तेवढ्या कागदावर खिडकीपाशी वाद होऊ शकतो. आधारवर नवा पत्ता असला की तो प्रश्न राहत नाही. मग sarathi.parivahan.gov.in वर राज्य म्हणून कर्नाटक निवडा (महाराष्ट्र नाही, कारण अर्ज जिथे राहायला आलात तिथला आहे), लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाका आणि Change of Address in DL ही सेवा घ्या. केंद्राच्या नियमांतलं मूळ शुल्क २०० रुपये आहे, नव्या कार्डाचे वेगळे. लायसन्सचा क्रमांक तोच राहतो, पत्ता तेवढा बदलतो.

इथे एकच गोष्ट आडवी येते. लायसन्स जुन्या पुस्तिकेच्या काळातलं असेल आणि सारथीवर त्याची नोंदच सापडत नसेल, तर ती नोंद ज्या आरटीओने लायसन्स दिलं तिथूनच चढते. म्हणून पुण्यात असतानाच क्रमांक टाकून माहिती दिसते का ते बघून ठेवा.

आता गाडी. मोटार वाहन कायद्याचं कलम ४९ म्हणतं, पत्ता बदलला की ३० दिवसांत कळवा. कलम ४७ म्हणतं, दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्या. तुम्ही पुण्याहून नागपूरला गेला असता तर फॉर्म ३३ भरून आरसीवरचा पत्ता बदलला की झालं, नंबर तोच राहिला असता. राज्य बदललं की मात्र पत्ता, नंबर आणि रोड टॅक्स तिन्ही एकत्र येतात.

पहिला कागद बँकेचा. कर्ज चालू असल्यामुळे आरसीवर बँकेचा बोजा आहे, म्हणून त्यांचं ना-हरकत पत्र लागतं. 'गाडी कर्नाटकात नोंदवायला हरकत नाही' हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. कर्ज फिटल्यावर मिळणारं पत्र निराळं, ते इथे चालत नाही. शाखेत अर्ज दिला की तो पुढे कुठल्यातरी मुख्य कार्यालयात जातो आणि वेळ खातो, म्हणून बदलीचा आदेश हातात पडला की लगेच मागा.

ते आलं की vahan.parivahan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे पाच आकडे टाकून पुण्याच्या आरटीओकडे एनओसीचा अर्ज करा, म्हणजेच फॉर्म २८. वाहन पोर्टलवर तुमचा चालू मोबाईल नोंदलेला हवा, ओटीपी त्यावरच येतो. विमा आणि पीयूसी चालू हवेत, आणि ई-चलन एकही बाकी नको. कुठल्यातरी सिग्नलवरचं विसरलेलं चलन नेमकं याच वेळी वर येतं.

अर्जात कर्नाटकातलं कोणतं आरटीओ हे विचारतात. तिथे नुसतं 'बेंगळुरू' चालत नाही, शहरात अनेक आरटीओ आहेत. व्हाइटफील्डला घर असेल तर के.आर. पुरम, म्हणजे केए ५३. जयनगरला असेल तर केए ०५. एनओसी त्याच कार्यालयाच्या नावे निघते. घर ठरलं नसेल तर थोडं थांबा, पण अंदाजाने आरटीओ टाकू नका.

फॉर्म २८ वर चासीचा ठसा लागतो. गाडीवर कोरलेला नंबर कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ती जागा कोरड्या फडक्याने पुसा, वर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, अक्षरं पांढरी उमटतात. एकही अक्षर पुसट राहू देऊ नका. माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांचा फॉर्म शेवटचे दोन आकडे वाचता येत नाहीत म्हणून परत आला होता. फॉर्मच्या एकाहून जास्त प्रती लागतात, म्हणून ठसेही जास्तीचे काढून ठेवा.

एनओसी घेऊन बेंगळुरूला आलात की फॉर्म २७ भरायचा, गाडी तपासणीला न्यायची आणि कर्नाटकचा आजीवन कर भरायचा. खरा खर्च हाच आहे. तिथे पाच ते दहा लाखांच्या पेट्रोल-डिझेल कारला नवीन असताना १४ टक्के कर असतो. नऊ लाखांची गाडी धरली तर १,२६,००० रुपये, वर उपकर. तुमची गाडी जुनी असल्यामुळे वयानुसार त्यातला काही भागच लागतो, तरी रक्कम मोठीच राहते. ती आधीच बाजूला काढून ठेवा.

कर भरून नवा केए नंबर आला की मग महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो. उरलेल्या वर्षांच्या हिशेबाने तो मिळतो, पण आपणहून कोणी देत नाही. पुण्याच्या आरटीओत अर्ज करावा लागतो आणि सोबत नवी आरसी, कर्नाटकच्या कराची पावती, एनओसीची प्रत आणि रद्द केलेला चेक जोडावा लागतो. जुनी आरसी आणि एनओसी पुणं सोडण्याआधीच स्कॅन करून ठेवा, कारण मूळ आरसी नंतर तुमच्या हातात राहणार नाही. अनेक लोक हे पैसे सोडून देतात याचं मला फार वाईट वाटतं, ते आपल्या हक्काचे आहेत.

तोपर्यंत एमएच नंबरवर फिरताना कोणी अडवलं तर गाडी राज्यात कधी आली हे दाखवता यायला हवं. बदलीचं पत्र आणि गाडी पहिल्यांदा कर्नाटकात शिरली त्या दिवसाचा फास्टॅगचा हिशेब फोनमध्ये ठेवा.

बदली वर्षाच्या आत परत फिरण्याची शक्यता दिसत असेल तर एनओसीच्या भानगडीत पडू नका, फक्त लायसन्सवरचा पत्ता बदला. आणि तुमच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच मालिकेचा, म्हणजे देशभर चालणाऱ्या नंबरचा, पर्याय पुण्याच्या आरटीओत आधी विचारून घ्या. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो आणि पुढच्या बदलीला नंबर बदलावा लागत नाही.

नवा नंबर लागला की विमा कंपनीला आणि फास्टॅगच्या बँकेला त्याच आठवड्यात कळवा. पॉलिसीवर जुना नंबर असताना अपघात झाला तर दावा अडकतो.