व्हायवात काय विचारतील, हे सरांना मेलवर कसं विचारू?

"पुढच्या आठवड्यात केमिस्ट्रीची व्हायवा आहे. कसले प्रश्न येतील, असं सरांना मेल करून विचारलं तर चालेल का? काय लिहू?"

चालेल, पण नुसतं 'कसले प्रश्न येतील' विचारलंत तर 'सगळं वाचून या' एवढंच उत्तर येईल. आपली तयारी कुठवर झालीय ते सांगा आणि सरांना एका ओळीत उत्तर देता येईल असं विचारा. सब्जेक्टमध्ये वर्ग, बॅच, रोल नंबर. खाली साधारण असं:

"आदरणीय सर, पाण्याच्या कठीणपणाचं ईडीटीए टायट्रेशन मी जर्नलवरून पुन्हा वाचलं आहे. व्हायवात कृती आणि आकडेमोडच विचारतील, की पीएच १० चं बफर का घालतात, शेवटी वाइन रेडचा निळा रंग का होतो, अशी कारणंही?"

या मेलची खरी गंमत म्हणजे तो लिहितानाच तुमची कच्ची जागा उघडी पडते. उदाहरणार्थ बफरचं कारण: पीएच बराच खाली गेला तर ईडीटीए मॅग्नेशियमला नीट धरत नाही, फार वर गेला तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा साका बसतो. हे सांगता येत नसेल, तर मेल पाठवण्याआधी तेवढं वाचा.

बाहेरचे परीक्षक येणार असतील तर नेमके प्रश्न सरांनाही ठाऊक नसतात, तेव्हा फार खोदू नका.