फोटोवरून मेंढ्यांचा विसार द्यावा का?

प्रश्न: सर, माझी अडीच एकर कोरडवाहू आहे, शिल्लक १,६०,००० रुपये. व्हॉट्सॲपवर एकाने १० माडग्याळ मेंढ्यांचे फोटो पाठवलेत. १४,००० ला एक, ‘४० किलोच्या, लोकर भरपूर, सगळ्या गाभण’ म्हणतो. आज रात्री ५०,००० विसार मागतोय. पाठवू का?

उत्तर: नका पाठवू. तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. ‘नको’ म्हणायला ते पुरेसे आहेत, भाव ठरवायला नाहीत.

आधी लोकर. जत भागातली माडग्याळ पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके, नाक पोपटासारखं बाकदार, मान लांब, आणि अंगावर लोकर अगदीच कमी. फोटोतल्या मेंढ्या काळ्या आहेत आणि पाठीवर दाट लोकर आहे. या दख्खनी किंवा फार तर संकर. दख्खनी वाईट नाही, दुष्काळात ती टिकते. पण माडग्याळच्या भावाने ती घ्यायची नाही. आणि ‘लोकर भरपूर’ याचे पैसे तर मुळीच मोजू नका. ही लोकर जाडीभरडी, घोंगडीची. वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो निघते आणि बहुतेक वेळा कातरणीची मजुरीही त्यातून सुटत नाही. तुमच्या हिशोबात लोकरीच्या उत्पन्नापुढे शून्य लिहा.

आता अंगाचा बांधा. मेंढीमागे विटांची भिंत आहे, हे बरं झालं. पाठ विटांच्या नवव्या थराला टेकलेली दिसते. सांध्यासकट एक थर साडेतीन इंच धरला तर उंची ३१.५ इंच होते, म्हणजे माडग्याळला शोभेल अशी. पण भिंत मागे आहे, मेंढी पुढे. फोन मेंढीपासून १० फुटांवर आणि भिंत तिच्यामागे २ फूट असेल, तर ३१.५ ला १० ने गुणून १२ ने भागायचं: खरी उंची २६ इंचांच्या आसपास. म्हणजे साधी दख्खनी. शिवाय फोन जमिनीलगत धरलाय, त्यामुळे पाय लांब आणि अंग उंच वाटतं. विकणारे हे मुद्दाम करतात असं नाही, पण करतात खरं.

वजनाचा अंदाज टेपने येतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा, उत्तर किलोत. लांबी २६ आणि लोकरीवरून सैल टेप लावून घेर ३२ आला, तर वजन ४० किलो. तीच टेप लोकर दाबून लावली आणि घेर २९ निघाला, तर ३३. फरक सात किलोंचा. जिवंत वजनाला ४०० रुपये किलो धरले तर एका मेंढीमागे २,८००, दहांमागे २८,००० रुपये. तेवढी लोकर तुम्ही मटणाच्या भावाने घेतलेली असेल.

अंग धरलंय की नाही, हे मात्र लोकरीआडून फोटोत कळतच नाही. त्याला हातच लागतो. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर पंजा ठेवा. मणक्याची धार आणि बाजूच्या आडव्या हाडांची टोकं बोचत असतील, बोटं त्यांच्याखाली सहज शिरत असतील, तर पाचपैकी दोन किंवा त्याहून कमी गुण. टोकं गोलसर आणि दाबल्यावरच लागत असतील तर तीन. पैदाशीला हेच हवं. फोटोत पोट मोठं दिसतंय म्हणून गाभण समजू नका. भरपेट पाणी प्यालेली किंवा जंतांनी पोट सुटलेली मेंढीही तशीच दिसते. एका फोटोत मेंढीच्या जबड्याखाली सूज आल्यासारखं वाटतंय. ते जंताने रक्त कमी झाल्याचं लक्षण असू शकतं, आणि तसं असेल तर ती फुकटातही महाग.

त्याला आज एवढंच कळवा: फोन मेंढीच्या पोटाच्या उंचीवर धरून सरळ बाजूने एक फोटो, लोकर दाबून घेराला टेप लावल्याचा एक, खालची पापणी ओढून एक (आतून लालसर हवी, पांढुरकी नको) आणि ओठ उघडून दातांचा एक. दोनदाती-चारदाती असतील तर पुढे बोला. दात झिजलेल्या किंवा पडलेल्या असतील तर तिथेच थांबा.

हे जुळलं तर जाणत्या मेंढपाळाला सोबत घेऊन जा, वजनकाटा न्या, आणि भाव नगावर नाही, किलोवर ठरवा. पहिल्यांदा चारच घ्या. ३३ किलोची मेंढी ४०० ने १३,२०० होते, चारांचे ५२,८००. उरलेल्या एक लाख सात हजारांत वाहतूक, लसी, विमा, उन्हाळ्यातला चारा आणि घरखर्चाची सोय राहते. दहा घेतल्या असत्या तर हातात २०,००० उरले असते आणि एप्रिलमध्ये चाऱ्यासाठी त्यातल्याच दोन पडत्या भावात विकाव्या लागल्या असत्या.

विसार द्यायचाच तर गोठ्यात उभं राहून, हात लावून निवडलेल्या मेंढ्यांच्या कानाला खूण करून द्या. ‘आज रात्री नाही तर दुसरा घेऊन जाईल’ असं तो म्हणाला, तर घेऊन जाऊ दे.