पालक हिरवा राहावा म्हणून सोडा घालू का? आणि भाजीच्या रंगाचे आणखी काही प्रश्न

मी बरीच वर्षं कॉलेजात अन्नविज्ञान शिकवलं, आणि आता वाचकांचे प्रश्न येतात त्यात एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. भाजीचा रंग बदलला की लोक घाबरतात, आणि रंग टिकला की भाजी पौष्टिक राहिली असं धरून चालतात. दोन्ही चूक आहे. म्हणून यावेळी रंगाचेच प्रश्न एकत्र घेतलेत.

लाल माठ शिजवला की पाणी लालभडक होतं. भाजीवाले रंग लावतात का?

नाही, माठाचा आणि बीटाचा लाल रंग पाण्यात सुटणाराच असतो, ते पाणी फेकू नका, भाजीतच आटवा. मुतखड्याचा त्रास असेल तर मात्र माठ आणि पालक किती खायचा ते आधी डॉक्टरांना विचारा.

सोललेला मटार आणला, नुसता धुतला तरी पाणी हिरवं झालं. ताजा असेल म्हणून का?

ताजेपणाचा काही संबंध नाही. भाजीचा स्वतःचा हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, गार पाण्यात विरघळतच नाही. काचेच्या ग्लासात थोडा मटार घ्या, पाणी घालून ढवळा आणि अर्धा तास तसाच ठेवा. पाण्यात स्पष्ट हिरवा रंग उतरला तर वरून रंग लावलाय असं समजा आणि तो मटार खाऊ नका. पाकीट आणि बिल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा. सोलायचे कष्ट वाचतात म्हणून हिरवागार दिसतो तोच उचलायचा, ही सवय लागलीय म्हणून हे विकलं जातं.

पालक पनीर हॉटेलसारखं हिरवं होत नाही, चिमूटभर सोडा टाकायचा असं सगळे व्हिडिओत सांगतात. माझ्या सासऱ्यांना बीपी आहे, पण एवढ्याशा सोड्याने काय होणार?

नका घालू. आणि "सगळे सांगतात" हे कारण नाही, ताई. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

हरितद्रव्याच्या कणाच्या अगदी मध्यभागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. पानात स्वतःची आम्लं असतातच, पण कच्च्या पानात ती वेगळ्या कप्प्यात बंद असतात. शिजवलं की कप्पे फुटतात, आम्ल हरितद्रव्यापर्यंत पोचतं, मॅग्नेशियम निघून जातं आणि त्या जागी हायड्रोजन बसतो, मग हिरव्याचा मेंदीसारखा मळकट रंग होतो. टोमॅटो, दही, चिंच, लिंबू यातलं काही सोबत असेल तर हेच काम अजून झटपट होतं. सोडा घातला की आम्ल मारलं जातं आणि रंग भडक हिरवा राहतो, इथपर्यंत व्हिडिओवाले खरंच बोलतात. पुढचं ते सांगत नाहीत.

मी वर्गात हे तीन पातेल्यांत करून दाखवायचे. तिन्हींत एकेक लिटर उकळतं पाणी आणि मूठमूठ पालक, एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात अर्धं लिंबू, तिसऱ्यात पाव चमचा खायचा सोडा. लिंबाचा पालक दोन-तीन मिनिटांत मेंदी. साध्या पाण्यातला पहिल्या मिनिटात उलट कच्च्यापेक्षा जास्त हिरवा दिसतो, कारण पानातली हवा बाहेर पडते आणि आतला रंग उघडा पडतो, पण झाकण ठेवून दहा मिनिटं विसरलात तर तोही मळतो. सोड्याचा पालक शेवटपर्यंत हिरवागार, पण पातेल्यातलं पाणीही हिरवं झालेलं, कारण सोड्याने हरितद्रव्याचा जो नवा प्रकार तयार होतो तो पाण्यात विरघळतो. आणि पान दोन बोटांत धरलं की बोटं एकमेकांना लागतात, मधे पान उरतच नाही, नुसता बुळबुळीत लगदा, चवीला साबणासारखा. पेशींना धरून ठेवणारा डिंक सोड्याने सुटतो म्हणून असं होतं. जो डिंक विरघळला तो दिसतो तरी, पण क जीवनसत्त्व आणि ब-१ हे दोन्ही अल्कलीत आणि उष्णतेत लवकर नष्ट होतात आणि ते गेलेलं कुणाला दिसत नाही. पालक खायचा कशासाठी आणि आपण त्यातलं काय घालवतोय याचा विचार करा.

आता सासऱ्यांचं. एक ग्रॅम सोड्यात साधारण 270 मिलिग्रॅम सोडियम असतं. पाव चमचा म्हणजे ग्रॅमच्या वरच जातो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि त्यात मीठ, लोणचं, पापड, ब्रेड सगळं आलं. बीपीवाल्या माणसाच्या ताटात नुसत्या रंगासाठी सोडियम वाढवायचं मला पटत नाही. त्यांना दिवसाला किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, अंदाजाने नको.

हिरवं हवंय ना, मग असं करा. पाव किलो पालकाला अडीच लिटर तरी पाणी घ्या आणि ते खळखळून उकळू द्या. पाणी भरपूर असलं की पानातलं आम्ल पातळ होतं आणि पालक टाकल्यावर उकळी मोडत नाही. झाकण ठेवायचं नाही, कारण उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर जायला हवीत, झाकणावर जमून परत पातेल्यात पडायला नकोत. एक मिनिट, फार तर दीड, की लगेच बर्फाच्या पाण्यात, गार झाल्यावर पिळून वाटायचं. कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही वेगळी पूर्ण शिजवून घ्या आणि वाटलेला पालक शेवटच्या तीन-चार मिनिटांत घाला. बहुतेक घरांत टोमॅटो आणि पालक एकाच कुकरमध्ये जातात आणि रंग तिथेच जातो. लिंबू पिळायचं तर ताटात. एवढं करूनही हॉटेलइतका भडक येणार नाही, तो नाही आला तरी चालेल.

आणि कुणी कल्हई उडालेल्या तांब्याच्या पातेल्यात पालक शिजवायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. तिथे मॅग्नेशियमच्या जागी तांबं बसतं आणि रंग पक्का हिरवा होतो, पण आंबट पदार्थात तांबं उतरलं की मळमळ आणि उलट्या होऊ शकतात.

अळूचं फदफदं हिरवं ठेवता येईल का?

नाही. अळूची खाज मारायला चिंच किंवा आंबट चुका लागतोच आणि आंबट आलं की रंग मळणारच. खाजेपेक्षा मळका रंग बरा.

जांभळ्या कोबीची भाजी केली, शिजता शिजता निळी पडली. फेकून दिली. बरोबर केलं ना?

फेकायची गरज नव्हती. या कोबीचा रंग म्हणजे जांभूळ, कोकम यांच्यातलाच रंगगट, आणि तो आम्लात लाल, साध्या पाण्यात जांभळा, अल्कलीत निळा आणि पुढे हिरवट होतो. तुमचं पाणी थोडं अल्कलीकडे झुकलेलं असणार किंवा कुणीतरी सोडा टाकला असणार. अर्धं लिंबू पिळलं असतं तर डोळ्यांदेखत पुन्हा गुलाबी झाली असती. मात्र आंबट अर्धवट शिजल्यावर घाला, आधी घातलं तर कोबी कडक राहतो, कारण सोड्याने जो डिंक सुटतो तोच आम्लाने घट्ट धरला जातो.

एक लक्षात ठेवा, सगळं लाल एकसारखं नसतं. टोमॅटो आणि दिल्लीचं लाल गाजर यांच्या रंगाला आंबटाने काही होत नाही. बीटालाही लिंबाने धक्का लागत नाही, पण सोड्यात ते पिवळट होतं.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहतो. इथे फ्लॉवर शिजला की पिवळा पडतो, पुण्यात मुलीकडे तोच पांढरा राहतो. बोअरचं पाणी आहे, दीड वर्षापासून असंच चाललंय. फ्लॉवरचं वाण बदलू का?

वाण नाही, पाणी तपासा. आणि दीड वर्ष वाट बघायला नको होती.

फ्लॉवर, कांदा, पांढरा कोबी, तांदूळ यांच्यात एक रंगद्रव्य असतं जे आम्लात पांढरं राहतं आणि अल्कलीत पिवळं होतं. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असलं की ते उकळताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पाणी आणखी अल्कली होत जातं, म्हणून गार पाणी चवीला ठीक लागतं आणि भाजी मात्र पिवळी होते. घरी पडताळायचं असेल तर वरच्या प्रश्नातला जांभळा कोबी कामाला येतो. दोन पानं बारीक चिरून मुलीकडच्या पाण्यात उकळा, तो रस गाळून दोन ग्लासांत थोडा थोडा घ्या. एकात मुलीकडचं पाणी घाला, दुसऱ्यात तुमचं पाणी दहा मिनिटं उकळून गार केलेलं. तुमचा ग्लास निळा किंवा हिरवट झाला आणि दुसरा जांभळाच राहिला तर कारण सापडलं. पिवळा फ्लॉवर खाल्ल्याने काही होत नाही, आणि अर्धवट शिजल्यावर पाव लिंबू पिळलं तर तो पांढराही राहील.

पण मला काळजी फ्लॉवरची नाहीच. सोडियम बायकार्बोनेटवालं आणि कॅल्शियम कमी असलेलं अल्कली भूजल असतं तिथे फ्लोराइड जास्त सापडण्याची शक्यता वाढते, आणि यवतमाळ जिल्ह्यात फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. फ्लोराइडला ना रंग ना वास, कोबीचा रस ते दाखवणार नाही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणी नसेल तर 1.5 पर्यंत, त्यापुढे नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढतं. या आठवड्यात जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या आणि फ्लोराइड तपासा असं स्पष्ट लिहून द्या. घरात लहान मुलं असतील आणि त्यांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग दिसत असतील तर रिपोर्टची वाट न बघता दातांच्या डॉक्टरांना दाखवा. फिल्टर विकणारा माणूस दारात येऊन दोन थेंब टाकून पाणी पिवळं करून दाखवेल, त्यावर मशीन घेऊ नका, आधी रिपोर्ट हातात येऊ द्या.

लसणाचं लोणचं घातलं, लिंबाचा रस ओतला आणि तिसऱ्या दिवशी पाकळ्या निळ्या-हिरव्या झाल्या. बुरशी का?

बुरशी असेल तर ती वर केसाळ दिसते आणि कुबट वास येतो. पाकळी आतूनच निळसर असेल तर तो लसणातल्या गंधकाच्या संयुगांनी आम्लात तयार केलेला रंग आहे, फ्रीजमध्ये राहिलेल्या लसणाला जास्त येतो, खायला चालतो. बरणीचं झाकण फुगलं असेल किंवा उघडताना फेस आला तर चाखून बघू नका, टाकून द्या. आणि आंबट न घालता नुसत्या तेलात बुडवलेला लसूण बाहेर ठेवायचा नाही, त्यात रंग न बदलता, वास न येता घातक जंतूंचं विष तयार होऊ शकतं. तसा लसूण खाल्ल्यावर गिळायला त्रास झाला, दोन-दोन दिसायला लागलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.