म्यूटाटिस म्यूटँडिस: बदलायचं काय आणि हात लावायचा नाही कशाला

"सर, लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्यूटाटिस म्यूटँडिस वाक्यात आलं की मी तिथेच अडकते, कसं वाचायचं?" (गंगापूर रोड)

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर तुला सति सप्तमी आठवेल, 'सूर्ये अस्तं गते', म्हणजे सूर्य मावळल्यावर. लॅटिनमधली ही रचना तशीच आहे, परिवर्तनीयेषु परिवर्तितेषु, जे बदलायलाच हवं ते बदलल्यावर. आपल्याकडे कायद्याच्या मराठीत 'योग्य त्या फेरफारांसह' असं लिहितात तेच हे. वाचताना आधी ते दोन शब्द उचलून बाजूला ठेव आणि उरलेलं वाक्य वाच: 'कलम 12 च्या तरतुदी अपिलांना लागू होतील'. मुख्य विधान एवढंच. मग कलम 12 उघडायचं आणि जिथे 'दावा' आहे तिथे 'अपील', 'वादी' आहे तिथे 'अपीलकर्ता' असं पेन्सिलने लिहीत जायचं. शब्द क्रियापदाला चिकटलेला असतो, 'लागू होतील' कसे, तर असे, एवढंच तो सांगतो.

"पाथर्डी फाट्याला गाळा नं. 1 भाड्याने घेतलाय, आता शेजारचा नं. 2 पण घेतला तर मालकाने एका पानाच्या पत्रात लिहिलं की जुन्या अटी म्यूटाटिस म्यूटँडिस लागू, फी 11,000. आता म्हणतात गाळा छोटा आहे म्हणून नोटीस एकच महिन्याची. बरोबर आहे का?"

नाही, नोटीस दोन महिन्यांचीच राहणार. तुम्ही पाठवलेला पहिला करार समोर ठेवून एकेक अट बघू. गाळ्याचा नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा हे बदलावंच लागतं, नाहीतर वाक्याला अर्थच राहत नाही. फी पत्रात स्पष्ट लिहिलीय त्यामुळे 18,000 ऐवजी 11,000, तिथे वाद नाही. पोटमाळ्याची दुरुस्ती तुम्ही करायची अशी अट आहे पण नं. 2 ला पोटमाळाच नाही, म्हणजे ती अट तिथे नुसती पडून राहणार, तिच्या जागी मालकाला शटरची दुरुस्ती घुसवता येणार नाही. आणि नोटीस? दोन महिने हा आकडा नं. 2 ला जसाच्या तसा बसतो, बदलल्याशिवाय अडतं असं काही नाही, म्हणून बदलत नाही. कसोटी हीच आहे, न बदलता अट चालते का? चालत असेल तर हात लावायचा नाही, मग ती कुणाला गैरसोयीची का असेना. सुप्रीम कोर्टाने 1983 मध्ये अशोक सर्व्हिस सेंटरच्या केसमध्ये एका कायद्याच्या तरतुदी दुसऱ्याला लावण्याबद्दल हेच सांगितलंय, जुळवून घ्यायचं पण गरजेपुरतं, मूळ स्वरूप न बदलता, आणि नंतरच्या कायद्यात स्पष्ट काही असेल तर ते आधी.

खरी अडचण मला डिपॉझिटची दिसते. तुमच्या करारात 'रु. 54,000' असा नुसता आकडा आहे. 'तीन महिन्यांची फी' असं लिहिलं असतं तर नं. 2 चं आपोआप 33,000 झालं असतं, पण आकडा असल्यामुळे मालक 54,000 मागू शकतात आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं म्हणता येणार नाही. एक ओळीचं पुरवणी पत्र घ्या, 'डिपॉझिट रु. 33,000, नोटीस दोन महिने', आणि नं. 2 चा वेगळा करार रजिस्टर करून घ्या, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 मध्ये लेखी आणि नोंदणीकृत करार लागतो, नुसतं पत्र पुरत नाही.

"पण मग टक्केवारी, दर हे तरी आपोआप बदलतात ना? मी अकाउंट्सचं काम करतो." (सिडको)

तुमच्याच कामातलं उदाहरण घ्या. आयजीएसटी कायदा 2017, कलम 20, सीजीएसटीच्या बऱ्याच तरतुदी म्यूटाटिस म्यूटँडिस लावतं. सीजीएसटीच्या कलम 51 मध्ये टीडीएस 1 टक्का. आयजीएसटीत तो 2 टक्के हवा होता, कारण राज्यातल्या व्यवहारात केंद्राचा 1 आणि राज्याचा 1 कापला जातो, राज्याबाहेरच्या व्यवहारात मात्र एकच कर. तर 2 टक्के हे त्या दोन शब्दांवर सोडलं नाही, कलम 20 ला वेगळं परंतुक, म्हणजे 'परंतु' ने सुरू होणारी जादा तरतूद, जोडून लिहिलं. शब्दांनीच दर बदलत असता तर परंतुकाची गरज पडली नसती!

"एमए इकॉनॉमिक्सला सेटेरिस पॅरिबस आणि हे एकच का?"

उलटं आहे. लासलगावला कांद्याचा भाव चढला, बाकी सगळं जैसे थे धरलं, तर ग्राहक कमी कांदा घेईल, हे सेटेरिस पॅरिबस. भाव चढल्यामुळे जे जे हलतं, पुढच्या हंगामात लागवड वाढते, कांदाचाळीत साठवलेला माल बाहेर येतो, ते सगळं हलू देऊन परिणाम बघितला तर ते म्यूटाटिस म्यूटँडिस. प्रबंधात 'हाच युक्तिवाद द्राक्षालाही म्यूटाटिस म्यूटँडिस लागू' असं लिहिलंत तर गाईड लगेच विचारतील, द्राक्ष चाळीत टिकतं का? टिकत नाही, कोल्ड स्टोरेज लागतं, म्हणजे साठवणुकीवर उभा असलेला भाग तसाच उचलून चालणार नाही, तो नव्याने मांडावा लागेल.