लागोपाठ आलेले स्पर्श चुकीचे समजावेत का?

प्रश्न: आमच्या अ‍ॅपमध्ये काही जण एकच बटण लागोपाठ दोन-तीनदा दाबतात. चुकून झालेले स्पर्श म्हणून ते सगळे गाळून टाकू का?

उत्तर: सगळे नको. पार्किन्सनमध्ये हाताचा कंप साधारण सेकंदाला 4 ते 6 वेळा होतो. म्हणजे बोट काचेवर टेकताना 170 ते 250 मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा लागू शकतं. त्यातला पहिला स्पर्श बहुधा मनापासून केलेलाच असतो. अख्खी मालिका फेकलीत, तर त्या माणसाला तुमचं बटण कधीच दाबता येणार नाही.

'पैसे भरा'सारख्या बटणावर पहिला स्पर्श लगेच घ्या आणि विनंतीला क्रमांक देऊन सर्व्हरवर तो एकदाच मोजा. आकड्यांच्या कीपॅडवर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण 55 लिहिणाऱ्याला दुसरा 5 हवाच असतो. तिथे खोडायची सोय ठळक ठेवा, आणि पुनरावृत्ती किती वेळ दुर्लक्षायची हे वापरणाऱ्यालाच सेटिंगमध्ये ठरवू द्या. काही जणांनी फोनमध्येच अशी गाळणी आधी लावलेली असते. त्यावर तुमची सक्तीची गाळणी चढली की बटण मेल्यासारखं वाटतं.

आणि हो, वेबवर स्क्रीन रीडरकडून आलेल्या क्लिकआधी अनेकदा माउसची हालचाल नसते. तेवढ्यावरून ती क्लिक खोटी ठरवू नका.