तिची शंका पत्रातच दिसू दे

तुझ्या कथेचा कच्चा खर्डा वाचला. उशिरा येणाऱ्या कर्मचाऱ्याला इशारापत्र लिहिणाऱ्या नव्या मॅनेजरची घालमेल तू ‘तिला कसंतरी झालं’, ‘हात थरथरला’ अशा वाक्यांनी सांगतेस. ती सगळी काढ. तिची शंका कुठे दिसते? तिने लिहून खोडलेल्या वाक्यांत.

समजा, ती आधी लिहिते, ‘आपण कामाबाबत बेजबाबदार आहात.’ मग थांबते, कारण हा शेरा झाला, घटना नाही. इशारापत्रात तारीख लागते, काय घडलं ते लागतं, आधी तोंडी समज दिली होती का तेही लागतं. म्हणून ती खोडून लिहिते, ‘३, ९ आणि १७ तारखेला आपण अर्ध्या तासाहून अधिक उशिरा आलात.’ हे वाक्य पक्कं वाटतं. पण तारखा पडताळताना तिला आठवतं, ९ तारखेला उशिरा यायची परवानगी तिनेच फोनवर दिली होती, कुठे नोंद न करता. आता ९ ठेवली तर पत्र खोटं, काढली तर दोनच दिवस उरतात, आणि वरिष्ठांनी तर तीन मोजलेत.

तुझी कथा इथे सुरू होते, माझ्या मते. पहिली दोन पानं सोडून दे.

एक सांभाळ: प्रत्येक वाक्यावर शंका दाखवू नकोस, वाचक कंटाळतो. तीन वाक्यं पुरेत, त्यातलं तिसरं ‘पुन्हा असे घडल्यास’ने सुरू होणारं. ते तिने अर्धवट सोडलं तरी चालेल.