संशोधन प्रस्तावात एआय: किती चालतं, कुठं सांगायचं?

प्रश्न : अमेरिकेतल्या विद्यापीठासोबत एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेकडे सिकलसेलचा प्रस्ताव जातोय. धडगाव भागातलं काम आमच्याकडे आहे. माझा भाग मी मराठीत लिहिला आणि एआयकडून इंग्रजी करून घेतला. अडचण येईल का? – नंदुरबार

एनआयएचचा नियम २५ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. प्रस्ताव किंवा त्यातला एखादा विभाग मुख्यतः एआयने रचलेला असेल, तर तो अर्जदाराची मूळ कल्पना धरत नाहीत. मर्यादित मदत चालते, पण मर्यादित म्हणजे किती टक्के हे त्यात लिहिलेलं नाही. त्यामुळे खरा प्रश्न असा, की पाड्यांवर बाळांची तपासणी कशी करायची, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत कसा पोचवायचा, पावसाळ्यात रस्ता तुटला तर काय करायचं, हे कोणी ठरवलं? ते तुमच्या मराठी मसुद्यात असेल तर तो तारखेसह जपून ठेवा.

इंग्रजी मात्र ओळ न ओळ ताडून बघा. मराठीतला ‘वाहक’ इंग्रजीत ‘रुग्ण’ झाला, तर अभ्यासाचा गटच बदलतो. आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्याला आजच सांगा, कारण अर्ज त्यांच्या संस्थेच्या नावावर आहे. अनुदान मिळाल्यानंतर असा मजकूर सापडला तरी प्रकरण संशोधनातल्या गैरवर्तनाच्या चौकशीत जाऊ शकतं, खर्च नामंजूर होऊ शकतो.

प्रश्न : सर, सगळं हातानं लिहिलंय, तरी कॉलेजच्या सॉफ्टवेअरनं ४० टक्के एआय दाखवलं. आता? – अमळनेर

हा आकडा वाङ्मयचौर्याच्या टक्केवारीसारखा वाचू नका. तिथे मूळ मजकूर शेजारी ठेवून दाखवता येतो. इथे शेजारी ठेवायला काहीच नसतं. पुढचा शब्द किती अपेक्षित होता, यावरून यंत्र अंदाज बांधतं. आपलं शिकून घेतलेलं, साचेबद्ध इंग्रजी तिथेच अडकतं. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेतले निबंध एआयचं लेखन ओळखणाऱ्या सात साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. ओपनएआयनं स्वतःचं असं साधन त्याच वर्षी अचूकता कमी म्हणून बंद केलं.

गुगल डॉक्सचा बदलांचा इतिहास, जुने मसुदे, हातच्या नोंदी समितीपुढे ठेवा. ‘मानवी वाटेल असं करून देतो’ म्हणणाऱ्या सेवेत मजकूर घालू नका. मग तो खरोखरच यंत्राचा होईल.

प्रश्न : एआय वापरल्याचा खुलासा कसा लिहायचा? – धुळे

साधन, काम आणि जागा, तिन्ही एका वाक्यात. उदाहरणार्थ: ‘प्रकल्प वर्णनातील पार्श्वभूमीच्या विभागाची इंग्रजी भाषा अमुक साधनाने सुधारली, गृहीतक, पद्धत व संदर्भ अर्जदारांचे असून सर्व संदर्भ मूळ लेख पाहून तपासले आहेत.’ शेवटचा भाग तपासल्याशिवाय लिहू नका, कारण अस्तित्वात नसलेला संदर्भ परीक्षकाला टक्केवारीपेक्षा लवकर दिसतो. विज्ञान संशोधनाला निधी देणारी अमेरिकेची एनएसएफ हा खुलासा प्रकल्प वर्णनातच करायला सुचवते, सक्ती करत नाही. दुसऱ्या संस्थेकडे अर्ज असेल तर त्या वर्षीचीच सूचना वाचा.

प्रश्न : मी परीक्षकही आहे. आलेल्या प्रस्तावाचा सारांश एआयकडून घेऊ का? – जळगाव

नाही. एनआयएच आणि एनएसएफ दोघांनीही २०२३ मध्येच परीक्षकांना याची मनाई केली. दुसऱ्याची अप्रकाशित कल्पना बाहेरच्या सर्व्हरवर जाते, आणि ती परत घेता येत नाही.